पहिलं एकशेआठ, मग मी

चंद्रमतीअक्कांना फोन करायचा म्हणजे एक गोष्ट आधीच ठाऊक असावी लागे. तुमच्या घरी कुणाला काही झालं असेल, तुम्ही घाबरून “हॅलो, अक्का, लौकर या हो, आमच्या मामांना...” एवढं म्हणालात, की पलीकडून ठरलेलं उत्तर येई: “पहिलं एकशेआठ. मग मी.” आणि फोन बंद! मामांना काय झालं, कधी झालं, काही विचारणं नाही. तुम्ही हातातल्या फोनकडे बघत राहायचं आणि दुसरा काही इलाज नाही म्हणून निमूट ॲम्ब्युलन्सचा एकशेआठ नंबर लावायचा. तो लावून पुन्हा अक्कांना लावलात की मग बघा. मग त्या फोन सोडायच्याच नाहीत. कुशीवर निजवा, पाणी पाजू नका, दाराबाहेर एकाला उभं करा, गल्लीत लावलेली स्कूटर हलवा, आणि तोवर स्वतः चपला घालून तुमच्या दारात!

तंजावरात राजवाड्याच्या मागे ज्या गल्ल्या आहेत, जिथे अजून काही घरांतून आपली मराठी ऐकू येते, तिथे त्या राहत. आपली म्हणजे तंजावरी हो. तिच्यात तमिळ इतकी मिसळलेली, की पुण्याचा माणूस आला तर पहिला अर्धा तास नुसता मान डोलावेल. सरकारी इस्पितळात अक्कांनी नर्स म्हणून सारा जन्म काढला, त्यातला बराचसा अपघात विभागात. निवृत्त झाल्या तरी गल्लीने त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही. कुणी घेरी येऊन पडलं, कुणाच्या पायाला साप चावला, कुणा म्हातारीच्या छातीत कळ आली, की लोक आधी अक्कांचं दार वाजवायचे. डॉक्टर नंतर, अक्का आधी.

दुसऱ्या कुणाला याचा केवढा अभिमान वाटला असता! अक्कांना राग यायचा. “अरे, मी काय औषधाचं कपाट पोटात घेऊन फिरते?” त्या म्हणायच्या. “मी येईन, नाडी बघेन, आणि काय सांगेन? गाडी बोलवा! मग माझी वाट बघण्यात घालवला तो वेळ कुणाच्या बापाचा?” अपघात विभागाच्या दारात उभं राहून त्यांनी उशिरा आलेली माणसं इतकी पाहिली होती, की “थोडं आधी आणलं असतं तर” हे वाक्य त्यांच्या कानात घर करून बसलं होतं. म्हणून त्यांनी हा नेम केला, आणि फोन झटक्याने ठेवण्याचाही. मी फोनवर राहिले तर लोक मलाच धरून बसतात, हे त्यांचं म्हणणं. हात रिकामा झाला की माणूस दुसरीकडे धरायला बघतो.

पोरं त्यांना ‘नूत्तिएट्टु अत्ते’ म्हणायची. नूत्तिएट्टु म्हणजे तमिळात एकशेआठ, अत्ते म्हणजे आत्या. शेजारची शेषम्मा तर पूजा करताना खिडकीतून ओरडायची, “अक्का, देवीची एकशेआठ नावं झाली, आता तुमचा जप ऐकवा!” अक्का आतून चार शिव्या हासडायच्या. पण हळूहळू गल्ली शिकली. लोक आधी गाडी बोलवू लागले आणि दोनचार माणसं त्यामुळे वाचलीही.

न शिकलेलं एकच घर होतं, आणि ते अक्कांच्या सख्ख्या भावाचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

भाऊ म्हणजे वरुणराव. आई गेली तेव्हा तो दुपट्यात होता आणि अक्का परकर नेसायच्या वयाच्या. त्यांनीच त्याला कडेवर वागवलं, ताकभात भरवला, शाळेत घातला, आणि पुढे त्याचं लग्न करून रंजनाला घरात आणली. स्वतःचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. वरुणराव ओरत्तनाडच्या सरकारी कचेरीत नोकरीला, माणूस मऊ, हसरा, चारचौघांत आपलं बरं दिसावं याची फार हौस. पन्नाशी उलटली तरी अक्का त्याला ‘वरुणा’ म्हणत आणि ताटात दोन पोळ्या जास्त वाढत. रंजनाला ते आवडत नसे. पण तीही काही झालं की अक्कांनाच हाक मारायची, आणि अक्का जायच्या.

त्यांची मुलगी कीर्तना. तिचा निश्चितार्थ ठरला होता. आपण साखरपुडा म्हणतो तोच. मुलाकडचे कुंभकोणमचे, आपल्याच मराठी लोकांतले, घराणं जुनं, मुलाचे वडील कल्याणराम बोलायला गोड. मुलाची आई मात्र शकुन-अपशकुनाची भारी. नारळ फुटताना कुणी शिंकलं तरी बाई पुन्हा नारळ मागवणार.

या लोकांत एक रीत आहे. घरातल्या सगळ्यांत थोर बाईने नव्या मुलीला पहिलं कुंकू लावायचं. कीर्तनाच्या घरात ती थोर बाई म्हणजे गंगाबाई, वरुणरावांची चुलती. ती ओरत्तनाडजवळच्या एका खेड्यात राहत होती आणि गाडी पाठवली तरी “अक्का आली तरच येते” म्हणून हटून बसलेली. तेव्हा निश्चितार्थाच्याच दिवशी पहाटे उठून, नवं लुगडं पिशवीत घालून अक्का बसमध्ये बसल्या. दुपारच्या मुहूर्ताच्या आत गंगाबाईला घेऊन यायचं, असा बेत होता.

बसने शहर सोडलं. दोन्हीकडे भाताची शेतं, मध्येच कालवा, त्यात बदकं. अक्कांना जरा डुलकी लागत होती, तेवढ्यात फोन वाजला.

“हॅलो! अक्का! अक्का, ह्यांना काहीतरी होतंय! कॉफीचा टंबलर हातातून पडला, तोंड एकीकडे ओढल्यागत दिसतंय, डावा हात उचलतच नाही... लौकर या हो!”

सख्खा भाऊ! पण इतक्या वर्षांची सवय कामी आली. तोंड वाकडं, हात लुळा, म्हणजे काय हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. यात घड्याळाशी शर्यत असते. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी डोक्याचा स्कॅन व्हावा लागतो, आणि जितकं लौकर तितकं माणसाचं अंग वाचतं.

“रंजना, पहिलं एकशेआठ. आत्ता! मग मी,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ठेवला खरा, पण नजर फोनवरच होती. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, “काय झालं अम्मा?” अक्कांनी मान हलवली. जरा थांबून त्यांनी आपणच परत फोन लावला. नेम मोडलाच म्हणा, पण भावासाठी मोडला.

“लावलास?”

“लावलं अक्का,” रंजना म्हणाली. आवाज दबका होता, मागे माणसांची गडबड ऐकू येत होती. “येतायत. गाडी येतेय.”

“खाऊपिऊ काही घालू नको. कुठली गोळी देऊ नको. त्याला शेवटचं धड कधी पाहिलंस ती वेळ त्या गाडीतल्यांना सांग, डॉक्टर तेच विचारतील. मी घरी येत नाही, सरळ इस्पितळात येते.”

“बरं अक्का.”

पुढच्या थांब्याला अक्का उतरल्या. गंगाबाई राहिली तिकडेच. समोरून तंजावरला जाणारी बस आली, तिच्यात उभ्याने लटकत त्या परत निघाल्या. सगळ्या वाटेने हिशेब करत होत्या. गाडी आली असेल, गल्लीच्या तोंडाशी स्कूटर तर नाही ना, स्ट्रेचर त्या अरुंद ओसरीतून वळेल ना. वळेल, असं त्यांनीच स्वतःला सांगितलं.

इस्पितळात पोहोचल्या तर वरुणराव आलेला नव्हता. वाटेत असेल. अक्का अपघात विभागाच्या दाराशी खांबाला टेकून उभ्या राहिल्या. आयुष्यभर ज्या दारातून आत गेल्या, त्याच दारात आज नातेवाईक म्हणून उभ्या! ओळखीच्या नर्सने खुर्ची दिली, ती घेतली नाही. एक ॲम्ब्युलन्स आली, अक्का धावल्या. आत मोटारसायकलवरून पडलेला मुलगा. दुसरी आली. बाळंतीण. तिसरी आली तिच्यातही वरुणा नाही. फोन लावत होत्या, वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. रंजनाचा नाही, कीर्तनाचा नाही, वरुणरावाचा नाही. मग मनात भलभलतं येऊ लागलं. वाटेतच काही... खाजगी इस्पितळात नेलं असेल, हां, तिकडेच नेलं असेल, स्कॅन तिथेही आहे. अक्कांनी तिथे फोन करवला. नाही, या नावाचं कुणी आलं नाही.

पण रंजना खोटं बोलली असेल, हे त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. येणार कसं? घरचं माणूस!

दुपार टळायला लागली तेव्हा त्या रिक्षा करून भावाच्या घरी गेल्या.

दाराला आंब्याचं तोरण. ओसरीत चपलांचा ढीग. अंगणात केळीच्या पानांवर पंगत बसलेली, सांबाराचा वास सुटलेला, कल्याणराम दुसऱ्यांदा पायसम मागून घेत होते. मधल्या घरात कीर्तना नव्या रेशमी पट्टुसाडीत, कपाळाला कुंकू, गळ्यात हार. मुहूर्त झाला होता. तिच्या बापाच्या जागी पाटावर चुलत काका सूर्यनारायण बसले होते.

“वरुणा कुठाय?” अक्का म्हणाल्या.

रंजनाच्या हातात तुपाची वाटी होती. तिची नजर मागच्या खोलीकडे गेली, आणि अक्कांना सगळं कळलं.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. वरुणराव चटईवर निजलेला, कपाळाला विभूती, डाव्या दंडाला कसलंसं तेल चोळलेलं. डावा हात त्याचा नव्हेच अशा थाटात बाजूला पडलेला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. अक्कांना बघून तो अर्ध्या तोंडाने हसला.

“आलीस अक्का? जेव... जा. मला काही... नाही. पित्त.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं झालं होतं सगळं. पाहुणे लॉजवरून निघाले होते, दारात रांगोळी घातलेली, आणि अशा वेळी भोंगा वाजवत गाडी दारात येणार? मुलाची आई काय म्हणेल? ‘या घराण्यात पक्षाघाताचं दुखणं आहे का?’ म्हणून कल्याणरामांनी विचारलं तर? रंजना फोनपाशी गेली होती, नाही असं नाही. पण वरुणरावच म्हणाला, “नको. दारात... गाडी नको. थोडं निजतो.” या दुखण्यात असंही होतं, आपल्याला काही झालंय हेच माणसाला पटत नाही. त्याचं राहू द्या. पण अक्कांना “लावलं, येतायत” असं जिने सांगितलं, तिच्या तोंडाला तर पक्षाघात झाला नव्हता! आणि ते ऐकत वरुणराव शेजारीच होता. अक्का घरी येऊन थडकल्या तर सगळं बिंग फुटेल, म्हणून त्यांना इस्पितळातच उभं राहू दिलं. पाहुण्यांना ‘पित्त झालंय, निजलेत’ एवढंच सांगितलं होतं.

अक्कांनी तिथे भांडण केलं नाही. अंगणात आल्या, पंगतीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि फोन लावला. “नूत्तिएट्टु? पक्षाघात आहे. पुरुष, छप्पन वर्षांचा, शुद्धीवर आहे.” पत्ता सांगितला, खूण सांगितली, लागोपाठ विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. सगळं तमिळात, खणखणीत आवाजात. पंगतीतला प्रत्येक हात पानावर थांबला. मुलाच्या आईने पदर तोंडाला लावला.

गाडी आली ती फार लौकर आली. त्यातल्या मुलाने पहिला प्रश्न तोच केला, “शेवटचे धड कधी होते?” रंजनाने वेळ सांगितली. त्या मुलाने अक्कांकडे पाहिलं आणि स्ट्रेचर उचललं.

वेळ टळून गेली होती. डॉक्टरांनी स्कॅन बघितला आणि सांगितलं, आता ते इंजेक्शन देता येणार नाही. जीव वाचला. डावा हात गेला, डावा पाय ओढत चालण्यापुरता उरला. “थोडं आधी आणलं असतं तर,” डॉक्टर म्हणाले. अक्कांनी ते वाक्य या वेळी भिंतीला पाठ लावून ऐकलं.

इथपर्यंत झालं ते झालं. घाबरलेली माणसं, लग्नाचं घर, मूर्खपणा झाला, असं म्हणून अक्कांनी तेही पोटात घातलं असतं. तुम्हाला वाटेल ही काय देवी आहे? देवी नव्हे, बहीण होती. रोज कांजी, म्हणजे तांदळाची पेज, करून नेत, हाताला व्यायाम देत, रंजनाशी कामापुरतं बोलत. पण खरी मेख पुढेच होती.

वरुणराव घरी आल्यावर कल्याणराम त्यांना बघायला आले, बायकोला घेऊन. मागच्या खोलीत लपवून ठेवलं हे त्यांना कळलं होतंच, ते मनातून दुखावले होते. “आम्हाला का नाही सांगितलंत? आम्ही काय परके?” त्यांनी विचारलं. मोडतंय की काय लग्न, अशी वेळ. आणि रंजना म्हणाली, “काय करणार हो! अक्कांना तेव्हाच्या तेव्हा फोन केला होता. त्या एवढ्या मोठ्या नर्स! त्यांनी एक नंबर तोंडावर फेकला आणि फोन ठेवून दिला. आम्हाला वाटलं, खरंच काही असतं तर धावत आल्या नसत्या? सख्खी बहीण!”

अक्का दारात उभ्या होत्या, हातात कांजीचा टंबलर. उचलली जीभ लावली टाळ्याला! त्यांचं अंग तापलं. पण त्या गप्प राहिल्या, कारण तिथे सगळं ऐकलेला माणूस बसला होता. वरुणा सांगेल. त्यानेच सांगावं.

कल्याणरामांनी त्याच्याकडे वळून विचारलं, “होय का हो?”

वरुणराव खाली बघत होता. जीभ अजून जड होती, शब्द जुळवायला वेळ लागत होता.

“अक्कानं...” तो म्हणाला, “फोन ठेवला.”

बस. एवढंच. यात खोटं काय होतं? फोन ठेवलाच होता. त्याच्या मागचं-पुढचं काहीच त्याने सांगितलं नाही, आणि डोळे वर उचलले नाहीत. कल्याणराम ‘असं होय’ म्हणून मान हलवू लागले. मुलाची आई अक्कांकडे वरपासून खालपर्यंत बघून घेऊन म्हणाली, “नोकरीत राहून राहून माणसाचं काळीज दगडाचं होतं.”

बोलायला किती वेळ लागला असता? पण कीर्तना कोपऱ्यात उभी होती, बोटातली अंगठी फिरवत. सासरच्यांसमोर इथे तिची आई खोटारडी ठरली असती तर ते लग्न तिथेच संपलं असतं. अक्कांनी टंबलर खाली ठेवला आणि त्या आपल्या घरी आल्या. ताकभात भरवलेल्या तोंडातून आलेले ते तीन शब्द! ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, अशी म्हण आपण हसत वापरतो. स्वतःवर आली की हसू येत नाही.

गल्लीत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. बायका बोलायच्या थांबल्या की अक्कांना समजे, विषय आपलाच होता. पोरांनी ‘नूत्तिएट्टु अत्ते’ म्हणणं सोडलं. त्याचं दुःख त्यांनी मानलं नसतं. पण एके दिवशी शेषम्माचा नवरा सुब्रमण्यम न्हाणीत पडला, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा चार जणांनी मिळून त्याला रिक्षात कोंबलं आणि मोडलेलं हाड आणखी मोडलं. अक्का संतापून गेल्या. “गाडी का नाही बोलवलीस? मला का नाही विचारलंस?”

शेषम्मा त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “तुम्हाला विचारून काय होणार अक्का? नंबर सांगाल. भावाला सांगितलात, तसा.”

त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत. आपलं नाव गेलं ते गेलं, पण त्याच्याबरोबर इतक्या वर्षांत गल्लीच्या डोक्यात घातलेलं ते एक वाक्यही गेलं. आणि ते घालवलं कुणी, तर ज्याला आपण चालायला शिकवलं त्याने! याची चीड त्यांना रात्रंदिवस पोखरत राहिली. भावाच्या घरी जाणं त्यांनी बंद केलं. कांजी पाठवायच्या, शेजारच्या हाती.

लग्न पुढे ढकललं होतं, ते जवळ आलं. अक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या, सकाळची वेळ. फोन वाजला. कीर्तना.

“हॅलो! अत्ते! अम्माच्या छातीत... खूप दुखतंय, घाम सुटलाय, हात भरून...”

“पहिलं एकशेआठ,” अक्का म्हणाल्या. “मग मी.” आणि ठेवला.

ठेवला, आणि तशाच बसून राहिल्या. हे त्यांच्या तोंडून आपोआप आलं होतं, नेहमीसारखं. आता उद्या गल्ली पुन्हा म्हणेल, बघा, भावजयीलाही. म्हणो. पण मनात दुसरंच आलं. दारात पुन्हा कोण पाहुणे आहेत? लग्नाचं घर आहे. मांडव पडलाय. परत फोन करून विचारलं, “लावलास?” तर उत्तर येईल, “लावलं अत्ते, येतायत.” ते उत्तर त्यांनी एकदा ऐकलं होतं. पुन्हा ऐकून विश्वास ठेवायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

त्यांनी कीर्तनाला फोन केला नाही. स्वतःच एकशेआठ लावला. छातीत दुखणं, बाई, घाम, पत्ता, खूण. पलीकडची मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “अम्मा, या पत्त्यावर आधीच गाडी निघाली आहे. एका मुलीचा फोन आला होता आत्ताच. कीर्तना म्हणून.”

अक्कांनी “नंद्री, अम्मा” म्हणून आभार मानले आणि फोन मांडीवर ठेवला. पोरीने आधी गाडी बोलवली होती आणि मग त्यांना फोन केला होता. तेच तिला सांगायचं असेल, आणि आपण वाक्य पुरं होऊ दिलं नाही! त्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. बरं वाटलं म्हणून रडल्या असं म्हणू नका. आपल्या माणसांच्या शब्दाची खातरजमा परक्या मुलीकडून करून घ्यावी लागली, याचं ते रडणं होतं.

रंजना वाचली. वेळेत पोहोचली, हृदयातली तुंबलेली नळी डॉक्टरांनी मोकळी केली. अक्का इस्पितळात गेल्या तेव्हा कीर्तना दारातच गळ्यात पडली. “अत्ते, मी पहिल्यांदा एकशेआठच लावलं. अप्पांच्या वेळी अम्माने लावलं नव्हतं, मला तेव्हाच ठाऊक होतं. माझे केस विंचरत होते ना, सगळं ऐकू येत होतं.” आणि मग तिला स्वतःचंच बोलणं कळलं आणि ती गप्प झाली. ठाऊक होतं, आणि तीही इतके दिवस काही बोलली नव्हती. अक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “जा, आईपाशी बस.”

बाकावर वरुणराव बसला होता, काठी दोन पायांत धरून, लुळा हात मांडीवर. अक्का त्याच्या शेजारी बसल्या. कितीतरी दिवसांनी.

“अक्का,” तो म्हणाला, शाळेत पहिला आल्यासारखा, “ह्या वेळी लगेच लावलं आम्ही. एकशेआठ. मीच म्हणालो, थांबू नका.”

“तुझ्या वेळी का नाही लावलं, वरुणा?”

“तेव्हा घरी पाहुणे होते ना, अक्का.”

“ते मला समजलं. त्यासाठी मी कधी तुला बोलले का? मी विचारतेय ते नंतरचं. कल्याणरामांनी तुला विचारलं, मी दारात उभी होते. तेव्हा का नाही सांगितलंस?”

वरुणरावाने काठीची मूठ दोनदा चोळली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नजर खालीच होती, त्या दिवशी होती तशी.

“तेव्हाही पाहुणे होते,” तो म्हणाला.

अक्कांनी पदराने त्याच्या ओठाचा कोपरा पुसला, पिशवीतून कांजीचा डबा काढून त्याच्या उजव्या हाताशी ठेवला, झाकण सैल करून. आणि उठून पलीकडच्या बाकावर, परक्या माणसांच्यात जाऊन बसल्या.